डिंक दाताखाली धरून

थंडी पडायच्या आधी घरात लाडवांची यादी पडते. वाचायला ती फार सज्जन असते: डिंक पाव किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, खारीक अर्धा किलो, मेथी ५० ग्रॅम, गूळ, तूप, थोडी खसखस. पण पुण्यात रविवार पेठेतल्या किराणा-सुकामेव्याच्या दुकानात ही यादी पुढे सरकवली, की काउंटरमागचे काका वर न बघताच विचारतात, "डिंक कुठला देऊ?" यादीत नुसतं 'डिंक' लिहिलेलं असतं. काकांपुढे मात्र तीन बरण्या असतात, आणि तिन्हींची नावं ठरलेली: साधा, चांगला आणि एक नंबर. एक नंबर कुठला, तर ज्या बरणीवर काकांचा हात असेल तो.

मी यावर एकच तोडगा काढला आहे. भाव विचारायच्या आधी खडा मागायचा.

पहिली चाळणी डोळ्यांची. लाडवाला बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक चालतो. खडा काचेसारखा, फिकट पिवळा ते मधाच्या रंगाचा असावा. काळपट तांबूस असेल तर तो तुरट लागतो आणि लाडवात ती तुरटी शेवटपर्यंत राहते. शेजारच्या बरणीतल्या पांढुरक्या, धुरकट, पापुद्रे सुटल्यासारख्या दिसणाऱ्या मालाकडे ढुंकून बघू नये. तो डिंक कतिरा. पाण्यात टाकला तर फुगून जेलीसारखा होतो, म्हणून उन्हाळ्यात सरबतात छान. तुपात मात्र काही केल्या फुलत नाही. 'डिंक' एवढंच ऐकून नवखा पोऱ्या नेमका तोच बांधून देतो, कारण तो पांढरा असतो आणि पांढरं म्हणजे स्वच्छ असं त्याला वाटतं.

दुसरी चाळणी दातांची, आणि खरी फजिती इथेच. खडा दाढेखाली धरून दाबायचा. सुका डिंक कट्‌कन फुटतो, त्याच्या कपऱ्या होतात. दमट डिंक फुटत नाही, दबतो आणि दाढेला चिकटून बसतो. पुढची पाच मिनिटं आपल्याला 'हा नको' एवढंसुद्धा नीट म्हणता येत नाही आणि काका आपल्या मौनाला होकार समजून पुडी बांधायला घेतात. बरणीतले खडे एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा झाला असेल, तर दात पणाला लावायचीही गरज नाही, ओल तिथेच दिसते.

ही ओल एवढी का नडते? डिंक फुलतो तो त्याच्या आतल्या जराशा पाण्याची वाफ होते म्हणून. पाणी जास्त असलं तर खडा फुलायच्या आधीच मऊ पडतो, तूप पितो आणि चिवट गोळी होऊन बसतो. मग लाडू खाताना आजोबांची कवळी त्यात अडकते आणि नाव लाडू वळणाऱ्याचं खराब होतं. थोडी ओल असेल तर घरी एक-दोन दिवस कडक ऊन दाखवलं की डिंक ताळ्यावर येतो. भाव वाजवी असेल तर एवढ्या दोषासाठी मी तो सोडत नाही.

खड्याचा आकारही बघायचा. मोठे, बोराएवढे खडे बरणीत रुबाबदार दिसतात आणि त्यांचा भावही रुबाबदार असतो. तुपात पडले की मात्र ते वरून फुलतात आणि मधे कच्चे राहतात. फुललेला खडा बोटांत चुरडून बघावा. त्याची भुगी झाली पाहिजे. मधे टणक कण लागला तर तो दाताला लागणारच. मोठा डिंक शेवटी बत्त्याने हरभऱ्याएवढा फोडावाच लागतो, मग त्याच्या आकाराचे जास्तीचे पैसे कशाला द्यायचे?

आता भाव. साध्या डिंकात झाडाची साल, काड्या आणि माती असते. समजा, साधा ४०० रुपये किलो आहे आणि निवडलेला ४६०. (आकडे फक्त हिशेबापुरते, भाव गावागणिक आणि आठवड्यागणिक हलतो.) साध्यातला १०० ग्रॅम घेऊन निवडला आणि १५ ग्रॅम कचरा निघाला, तर ४०० रुपयांत हाती आला ८५० ग्रॅम डिंक, म्हणजे किलोमागे ४७० रुपये. शिवाय चष्मा लावून ताटावर वाकलेली एक अख्खी दुपार. कचरा ५ ग्रॅमच निघाला तर किलोला सुमारे ४२० पडतात, तेव्हा साधा खुशाल घ्यावा. म्हणून आधी १०० ग्रॅम आणून, चार खडे मध्यम आचेवर तुपात टाकून बघावेत आणि मग उरलेला घ्यावा. दुसऱ्या फेरीला काका "परत आलात?" असं विचारतात. हसावं आणि माप बघावं.

खोबऱ्याच्या बाबतीत दातांना सुट्टी, इथे नाकाचं काम. वाटी हातात घेऊन आधी वास घ्यायचा. डिंक वर्षभर मुकाट पडून राहतो, पण खोबऱ्यातलं तेल जुनं झालं की खवट होतं आणि तो खवटपणा भाजून जात नाही. उलट भाजल्यावर घरभर कळतो. मग वाटी मोडायची. नीट वाळलेली टक्‌कन मोडते. वाकणारी वाटी आत ओली असते आणि आठ दिवसांत डब्यात तिला बुरशी येते. आतल्या बाजूला काळे-हिरवे ठिपके असतील तर पुसून घेऊ नका, ठेवूनच द्या. काका ते फडक्याने पुसून दाखवतात, "धूळ आहे हो ताई." ठिपका पुसला जातो, वास राहतो.

फार पांढरंशुभ्र खोबरं बघूनही भुलू नये. रंग टिकावा म्हणून काही ठिकाणी खोबऱ्याला गंधकाची धुरी देतात. जळक्या काडेपेटीसारखा उग्र वास आला तर समजावं. किंचित पिवळसर, नख दाबलं की तेल सुटणारी वाटी लाडवाला चांगली. आणि पाकिटातला तयार पांढरा कीस हे सुकं खोबरं नव्हेच. तो ओल्या नारळाची साल काढून वाळवलेला असतो. बर्फीवर भुरभुरायला ठीक, पण भाजल्यावर खोबऱ्याचा खमंगपणा त्याला येत नाही.

खारकेबद्दल एकच: दोन-चार फोडून बियांजवळ बघा. अळी बाहेरून कधीच दिसत नाही.

राहिली मेथी. यादीत सगळ्यात स्वस्त, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही आणि काका बरणीच्या तळातली देतात. मेथी तळहातावर घेऊन फुंकर मारायची: भोकं पडलेले हलके दाणे उडतात, खडे-माती मागे दिसते. तयार मेथीपीठ घेऊ नये. ते कधी दळलंय कळत नाही, आणि भरड असेल तर तुपात कितीही दिवस भिजवा, जिभेला रवाळच लागतं. दाणे टपोरे, पिवळसर असावेत. मग एक दाणा चावायचा. जुनी मेथी नुसती लाकडासारखी लागते. चांगली असली तर आधी काहीच वाटत नाही, काका पुडीला दोरा गुंडाळू लागतात आणि मग एकदम कानशिलापर्यंत कडू चढतं.

"काय हो, कडू आहे का?" काका काळजीने विचारतात.

"भयंकर," आपण तोंड वाकडं करून म्हणायचं. "अजून ५० ग्रॅम द्या."