गोळी झाली, मग रक्त का वाढेना?

“शाळेत जंताची गोळी दिली, तरी मुलाचं हिमोग्लोबिन वाढत का नाही?”

आमच्या भाच्याचं अगदी हेच झालं. वय आठ, हिमोग्लोबिन ८.२, खालची पापणी ओढली की आत पांढरटच दिसायची, आणि चोरून माती खायचा. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी आतड्यातले जंत मारते, पण गेलेलं लोह काही भरून देत नाही. ते भरायला लोहाच्या गोळ्या निदान तीन महिने लागतात, आणि त्या चहाबरोबर नकोत.

दुसरं म्हणजे पाय. मोठे गोल जंत न धुतलेल्या हातातून, भाजीतून पोटात जातात. रक्त पिणारा अंकुशकृमी मात्र बहुतेक वेळा अनवाणी तळव्यातूनच शिरतो. आमच्या पोफळीच्या आगरात सावली, शिंपणाची ओल आणि एका कोपऱ्यात पोरांचं परसाकडे बसणं. अशा मातीत आठवडाभरात अळ्या तयार! भाच्याच्या बोटांच्या बेचक्यात खाज यायची, आम्ही चिखल्या समजलो. गोळीनंतर तो त्याच आगरात अनवाणी फिरला, तर पुन्हा तेच. आता आगराच्या बेड्यालाच त्याच्या चपला ठेवलेल्या असतात, आणि शौचालयाला कडी आतून लागते (पूर्वी तिथे सोडणं रचलेली होती).