गच्चीवरच्या फुटबॉलला पाय फुटवू नका

आज एका ग्रुपवर मुलांना झोपताना सांगायची गोष्ट आली. गच्चीवर विसरलेला फुटबॉल, पुन्हा कुणीतरी आपल्याला लाथ मारावी असं स्वप्न बघणारा. कल्पना इतकी सुंदर की मी कामं सोडून वाचायला बसले. आणि तिसऱ्याच परिच्छेदात त्या चेंडूला पाय फुटले! तो जिना उतरला, मैदानात गेला, अंतिम सामन्यात गोल झाला, टाळ्या, शिट्ट्या, आणि शेवटी "मुलांनो, आपल्या वस्तू जपा". संताप आला. पाय असलेल्या चेंडूला कुणाच्या लाथेची काय गरज? मग स्वप्न कसलं बघतोय तो?

अशाच विसरलेल्या फुटबॉलची गोष्ट मीही माझ्या भाच्याला सांगते. पहिल्यांदा सांगितली तेव्हा त्याने मध्येच विचारलं, "मावशी, त्याच्यातली हवा गेली असेल ना? मग त्याला स्वप्न कशात पडतं?" या प्रश्नाने माझी अख्खी गोष्ट बदलली.

कारण हवा जातेच. ब्लॅडर कितीही चांगलं असो, महिनोन्‌महिने पडलेला फुटबॉल मऊ होतो आणि एका बाजूला खळगा पडतो. पण दुपारी गच्ची तापते, आतली उरलेली हवा तापून फुगते आणि खळगा हळूहळू वर येतो. काळे तुकडे पांढऱ्यांपेक्षा जास्त तापतात. चेंडूला वाटतं, कुणीतरी पंप मारतंय. संध्याकाळी हवा गार होते, खळगा परत. हे रोज घडतं. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तो दुपारी झोपतो आणि रात्री जागा असतो." बघा! मला हे सुचलं नव्हतं. आता आमच्या गोष्टीत स्वप्न दुपारीच पडतं.

आणि स्वप्नात काय दिसावं? गोल, कप, गर्दी अजिबात नको. चेंडूला त्यातलं काय कळणार? त्याला कळतो तो पाय. लाथ बसते तेव्हा पाय आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते साधारण सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्यात चेंडू चेपतो, परत गोल होतो आणि सुटतो. झोपतानाच्या गोष्टीत हाच क्षण लांबवायचा असतो. आधी ओलं गवत. मग धावत येणारी पावलं, लांबून जवळ. मग बुटाची नाडी घासल्यासारखी. मग चेपणं... आणि सुटणं. एकेका वाक्यानंतर थांबायचं. भाच्याचा श्वास इथे संथ होतो, मला अंधारातही कळतं. सामन्याचा आरडाओरडा घातलात तर पोरगं उठून बसणार, दुसरं काय!

मुलांना बोलणाऱ्या, चालणाऱ्या वस्तू आवडतात, हे मान्य. बोलू दे की चेंडूला. पण चालू नका देऊ. त्याला वाट बघावी लागते म्हणून तर मूल त्याच्यासाठी जीव टाकतं.

"मग तो खाली येणार कसा?" हा भाच्याचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्तच होता. आमच्या गोष्टीत पाऊस येतो. गच्चीवर पाणी साचतं, चेंडू तरंगतो, कारण अर्धी हवा गेली तरी फुटबॉल बुडत नाही. पाणी उताराने कोपऱ्याकडे जातं, तो पण जातो, आणि कठड्याच्या तळाशी पाणी जायचं जे भोक असतं तिथे पाल्याबरोबर जाऊन अडकतो. मऊ असतो म्हणून घट्ट बसतो. पाणी तुंबतं. खालच्या खोलीत छतातून एक थेंब पडतो. मग दुसरा. कुणीतरी वैतागून शिडी लावतं, वर येतं, आणि म्हणतं, "अरे, हा इथे होता होय!" ज्या मऊपणाचं त्याला रोज रात्री वाईट वाटायचं, त्यानेच त्याला घरी आणलं. हे मी भाच्याला समजावून सांगत नाही. तो गप्प होतो, तेवढं पुरे.

मग सुई ओली करून व्हॉल्व्हमध्ये घालायची (कोरडी खुपसली तर व्हॉल्व्ह फाटतो, हेही गोष्टीत सांगते), पंपाचे सावकाश दट्टे, प्रत्येकाला एक "फुस्". बाहेर पाऊस असतो, म्हणून खेळ उद्यावर. चेंडू पलंगाखाली.

"शेवटी लाथ बसलीच पाहिजे" असं काहींना वाटेल. दिवसा सांगत असाल तर बसू दे. रात्री नाही.

आणि ते तात्पर्य तर अजिबात नको! चेंडू विसरणारं मूल आधीच हिरमुसलेलं असतं, त्याला झोपताना बोलणी कशाला? भाच्याने कधीच विचारलं नाही की चेंडू कोण विसरलं. परवा त्याने विचारलं ते हे, "त्या भोकातला पाला कुणी काढला?" आता शिडीवरचा माणूस आधी पाला काढतो, पाणी वाहून जाऊ देतो आणि मगच चेंडू घेऊन उतरतो.