चाळीस ठिपके आणि एक किलो तूरडाळ

सासूबाईंना मी आई म्हणते. गिरगावातल्या चाळीत त्यांनी तीसेक वर्षं रोज सकाळी दारात रांगोळी काढली आणि त्या काळात दूधवाला, पेपरवाला आणि आमचे सासरे असे तिघेही ती ओलांडून जायला शिकले. आता चेंबूरच्या फ्लॅटमध्ये दारासमोर दोन फूट जागा आहे, तिसऱ्या फुटावर शेजाऱ्यांच्या चपला सुरू होतात.

दिवाळीच्या आधी इमारतीतल्या बायका आल्या. आईंचं ज्ञानकमळ सगळ्यांना शिकायचं होतं, पण एका वेळी जमायला कोणालाच वेळ नव्हता. "पायरीपायरीने व्हिडिओ करून द्या ना काकू. नुसते हात दिसले तरी चालतील."

"हात दाखवायला माझी ना नाही," आई म्हणाल्या. "तोंड दाखवायचं तर केस धुवावे लागतील."

कॅमेरा नवऱ्याकडे गेला आणि स्क्रिप्ट माझ्याकडे. मी वहीच्या पानाचे दोन भाग केले, डावीकडे 'दृश्य', उजवीकडे 'आवाज', आणि आईंच्या समोर बसले.

"ठिपक्यांमध्ये अंतर किती ठेवायचं?"

"बोटभर."

"कोणाच्या बोटाएवढं?"

"माझ्या."

"आणि ठिपके झाल्यावर?"

"मग काय, नेहमीसारखं जोडायचं."

'नेहमीसारखं' हा शब्द आवाजाच्या रकान्यात लिहिता येत नाही. तासभर उलटतपासणी झाली तेव्हा कुठे कृती कागदावर उतरली. मधोमध एक ठिपका. त्याच्यापासून आठ दिशांना आठ ओळी, प्रत्येक ओळीत आतून बाहेर पाच ठिपके. म्हणजे मधला सोडून चाळीस. पहिल्या ओळीच्या पहिल्या ठिपक्यापासून निघायचं, दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्यावर जायचं, तिसरीच्या पाचव्यावर, चौथीच्या दुसऱ्यावर, पाचवीच्या चौथ्यावर आणि सहाव्या ओळीत पुन्हा पहिल्यावर. एक, तीन, पाच, दोन, चार. असं गोल गोल फिरत राहिलं की पाच प्रदक्षिणांत चाळीसही ठिपके एकेकदा लागतात आणि रेघ निघाली तिथेच परत येते. ओळी आठ आणि ठिपके पाच, या दोन आकड्यांना एकाहून मोठा सामाईक भाजक नाही म्हणून हे जमतं. प्रत्येक ओळीत चार ठिपके ठेवून पाहा, रेघ एका फेरीतच गुंडाळते आणि बाकीचे ठिपके कोरडे राहतात. हे गणित मी आईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. "असेल," त्या म्हणाल्या. "आम्ही एक सोडून एक म्हणायचो."

खरंच की. एक, तीन, पाच, मग आत वळून दोन, चार. माझी दीड पानं त्यांनी चार शब्दांत आटोपली होती.

पहिला दिवस फरशीवर गेला. आमची फरशी दोन फुटांच्या चौकोनांची आहे आणि नवऱ्याने तिच्या सांध्यांचा चांगला उपयोग केला. फोनच्या पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेषा सांध्यांशी जुळल्या, म्हणजे फोन जमिनीशी समांतर झाला. तो जरा कलला तरी गोल रांगोळी अंड्यासारखी दिसते आणि दोष मात्र काढणारीच्या हाताला लागतो. ट्रायपॉडला आडवा दांडा लावून फोन चार फुटांवर तोंड खाली करून टांगला. त्या वजनाने ट्रायपॉड पुढे झुकायला लागला, तेव्हा दांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक किलो तूरडाळीची पिशवी अडकवली.

आई उकिडव्या बसल्या, चिमूट भरली आणि वाकल्या. पडद्यावर आईंचा भांग आला. सगळी चौकट भरून भांग, दोन्ही बाजूंना कलपाच्या चुकलेल्या तारखा, आणि रांगोळी कुठेतरी कानामागे.

"आई, मागे सरून काढा ना."

"मागून मला ठिपका दिसत नाही."

त्यांचंही बरोबर होतं. फरशीवर रांगोळी काढणारा माणूस तिच्यावर ओणवाच असतो, आणि कॅमेराही तिथेच टांगलेला असतो. वर ट्यूबलाइट होती, म्हणून फोनची सावली मधल्या ठिपक्यावर आणि आईंची सावली उरलेल्या सगळ्यावर. शिवाय ज्ञानकमळ गोल. रेघ पलीकडच्या ओळींवर गेली की आईही पलीकडे जायच्या, मग हात चौकटीत वरून खाली यायचा, जसा काही समोरच्या घरातून कोणीतरी येऊन आमची रांगोळी काढतंय. पाहणाऱ्याला स्वतःचे हात वाटायला हवेत तर ते चौकटीच्या खालच्या कडेनेच आले पाहिजेत. हे आम्हाला चौथ्या फेरीत कळलं. तोवर आईंचे गुडघेही चौकटीत येऊन गेले होते.

त्यातच कळलं की तोंड खाली केलेल्या फोनला उभं-आडवं समजत नाही. सुरुवात करताना त्याला जसं वाटेल तसं तो धरून बसतो. सकाळचे दोन व्हिडिओ आडवे निघाले. फोन आधी हवा तसा उभा धरायचा, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि मग सपाट करून दांड्याला लावायचा, हा त्यावरचा उपाय. तो सापडला तेव्हा चहाची वेळ झाली होती.

आणि हे सगळं पंखा बंद करून. ऑक्टोबर, मुंबई, दारं-खिडक्या बंद, कारण पंख्याच्या एकाच वाऱ्यात आठवी ओळ सोफ्याखाली गेली होती.

दुसऱ्या दिवशी आईंनीच तोडगा काढला. दोन फुटांचा प्लायवुडचा तुकडा, त्यावर गेरूचे दोन हात, आणि तो जेवणाच्या टेबलावर. समोर खुर्चीत ताठ बसलं की वाकावं लागत नाही आणि डोकं चौकटीबाहेर राहतं. पलीकडे जाण्याऐवजी पाटच फिरवायचा. खाली वर्तमानपत्राची घडी ठेवली, पाट सुरेख सरकायला लागला. उजेड डाव्या हाताच्या खिडकीतून, काचेवर माझी पांढरी ओढणी, म्हणजे उजव्या हाताची सावली रेघेच्या उलट बाजूला. पहिली ओळ ओळखू यावी म्हणून तिच्या टोकाला कुंकवाचं बोट. प्रत्येक ठिपक्यानंतर आईंनी हात उचलायचा, मी पाट एक ओळ फिरवायचा, मधलं नंतर कापून टाकायचं. पांढरी रांगोळी आणि सावळा हात यांच्यामध्ये फोन सारखा उजळत-मंदावत होता, ते पडद्यावर बोट दाबून धरल्यावर थांबलं.

सगळं जुळून आलं आणि मी पडद्यात डोकावले. चौकट सुंदर, हात खालून येतोय, बांगड्या दिसतायत. फक्त रांगोळी पडताना दिसत नव्हती.

वरून हाताची पाठ दिसते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात रांगोळी कशी धरली आहे, अंगठा किती हलतोय, चिमूट पाटापासून किती उंच आहे, ज्यावर रेघेची सगळी जाडी ठरते, ते सगळं तळहाताखाली. हात पुढे सरकला की मागे रेघ उमटलेली असते. शिकणारीच्या दृष्टीने ही जादू झाली, कृती नव्हे. मग स्क्रिप्टमध्ये एक पायरी घुसडली:

पायरी २. दृश्य: कॅमेरा टेबलाच्या पातळीवर, डावीकडून, चिमूट अगदी जवळून. आवाज: "रांगोळी अंगठ्याने तर्जनीवरून पुढे सोडायची. बोटं पाटाला टेकवायची नाहीत, अर्धा इंच वर ठेवायची. रेघ फाटली तर हात फार वर गेला, गुठळी पडली तर हात थांबला."

हे शेवटचं वाक्य आईंचं. सबंध स्क्रिप्टमध्ये उपयोगाचं तेवढंच आहे असं माझं मत आहे.

मग जोडणी. पहिली फेरी निर्वेध. दुसऱ्या फेरीत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, मी तिकडे पाहिलं आणि पाट एकाऐवजी दोन ओळी फिरवला. कोणाच्याच लक्षात आलं नाही. चूक झाली त्या ठिकाणी ज्ञानकमळ काहीच बोलत नाही. पंधरा ठिपके झाले, सोळावा ठिपका आठव्या ओळीचा पहिला यायला हवा होता. आईंनी चिमूट नेली आणि थबकल्या. समोर कुंकवाचं बोट होतं. रेघ घरी परत आली होती आणि पंचवीस ठिपके तसेच बाहेर बसले होते.

"कुठे चुकलं?" नवऱ्याने विचारलं.

आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेच जास्त लागलं.

गेरूवरची रांगोळी पुसली की गेरूही निघतो. पुन्हा हात द्यायचा, पुन्हा पंख्याविना वाळवायचा. त्या दीड तासात मी स्वयंपाकाला लागले आणि आमटीसाठी तूरडाळ घेतली. डबा रिकामा होता. पिशवी दांड्याला होती, ती काढली. बाहेर फोन सावकाश, अगदी नमस्काराला वाकावं तसा, ओल्या गेरूत गेला.

तिसरा हात दिला तोवर ऊन उतरलं होतं. दांड्याला या वेळी तांदूळ. दुसरी फेरी नव्याने काढली. मात्र मधल्या वेळात आईंनी भांडी घासली होती आणि सहातल्या दोन बांगड्या वाढल्या होत्या. रात्री तुकडे जोडायला बसले तर पहिल्या फेरीत सहा बांगड्या आणि दुसरीत चार. पाहणारीचं लक्ष बांगड्यांवर जाणार म्हणून मी पुन्हापुन्हा जुनं चित्रण चाळलं आणि दुसऱ्या फेरीचा एक छान तुकडा सापडला, सहा बांगड्यांचा. तो लावला. पुढे आवाज भरला आणि व्हिडिओ दिला.

वसुबारसेला सकाळी खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली. "काकू, अगदी व्हिडिओत आहे तसंच केलं हो. थांबवून थांबवून. पण पंधरा ठिपक्यांतच संपलं."

मी स्वयंपाकघरात गेले. कुकर लावायचा होता असं नाही.

आई खाली गेल्या, मागोमाग मीही. तिच्या दारात ते होतं, छोटंसं, नेटकं, बंद झालेलं. आई उकिडव्या बसल्या, थोडा वेळ पाहत राहिल्या, मग उरलेल्या पंचवीस ठिपक्यांवर हळद आणि कुंकू आळीपाळीने चिमटीने सोडत गेल्या.

"हे काय केलंत काकू?" शेजारणीने कौतुकाने विचारलं. "याला काय म्हणतात?"

"हे होय," आई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सूनकमळ."