कन्नड भूतकाळ पाच मिनिटांत येत नाही. आधी ‘कोडु’ आणि ‘नोडु’ बघा

“कन्नड भूतकाळ पाच मिनिटांत! कुठल्याही धातूला -इदे, -इदनु, -इदळु लावा, झालं. कन्नडात अनियमित क्रियापद एकही नाही. लिंग मराठीसारखंच. नकार पाहिजे तर शेवटी इल्ल जोडा. सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर महिनाभर फिरून हा तक्ता आता माझ्या भाचीच्या कन्नडच्या वहीत चिकटवलेला आहे. तिनं त्यावरून वीस वाक्यं लिहिली आणि त्यांतली चौदा चुकली. तिची चूक एवढीच की तक्त्यात होतं तसं तिनं लिहिलं.

सुरुवात ‘एकही अनियमित नाही’पासून. तक्ता ‘माडु’ (कर) वर बेतलेला आहे आणि ‘माडु’पुरता तो बरोबर आहे: माडिदे, माडिदनु, माडिदळु. पण तोच नियम ‘बरु’ला (ये) लावला की ‘नानु बरिदे’ होतं. समोरच्याला ते ‘बरेदे’ असं ऐकू येतं, म्हणजे ‘मी लिहिलं’. ‘मी आले’ म्हणायला निघालेली पोर ‘मी लिहिलं’ म्हणून मोकळी होते. ‘होगु’ला (जा) लावला तर ‘होगिदे’ येतं. हा शब्द कन्नडात आहे, पण त्याचा अर्थ ‘ते गेलंय’. बस निघून गेली तर म्हणतात ‘बस् होगिदे’. स्वतःबद्दल कुणी तसं म्हणत नाही. मराठी शिकणाऱ्या कन्नड पोराला कुणी ‘जा’चं ‘मी जालो’ शिकवलं तर आपण चालवून घेऊ का?

खरी रूपं अशी आहेत:

| | माडु (कर) | कोडु (दे) | होगु (जा) | बरु (ये) |
|---|---|---|---|---|
| नानु (मी) | माडिदे | कोट्टे | होदे | बंदे |
| नीनु (तू) | माडिदे | कोट्टे | होदे | बंदे |
| अवनु (तो) | माडिदनु | कोट्टनु | होदनु | बंदनु |
| अवळु (ती) | माडिदळु | कोट्टळु | होदळु | बंदळु |
| अदु (ते) | माडितु | कोट्टितु | होयितु | बंतु |
| नावु (आम्ही, आपण) | माडिदेवु | कोट्टेवु | होदेवु | बंदेवु |
| नीवु (तुम्ही) | माडिदिरि | कोट्टिरि | होदिरि | बंदिरि |
| अवरु (ते, त्या) | माडिदरु | कोट्टरु | होदरु | बंदरु |
| अवु (ती, वस्तू) | माडिदवु | कोट्टवु | होदवु | बंदवु |

हा तक्ता आडवा वाचला तर शेवटचे प्रत्यय सगळीकडं जवळपास तेच आहेत. बदलतं ते भूतकाळाचं अंग: माडिद, कोट्ट, होद, बंद. ते अंग धातूसोबतच पाठ करावं लागतं. त्याच्याबरोबर ‘अदु’चं रूपही घ्यायचं, कारण ‘बंतु’ आणि ‘होयितु’ अंगावरून सरळ निघत नाहीत. म्हणून वहीत तीन रकाने करायचे: धातू, अवनु, अदु. बाकीची रूपं आपोआप येतात. आपल्या भागात कानावर ‘होतु’, ‘आतु’ पडतं, ती ‘होयितु’, ‘आयितु’चीच बोलीतली रूपं. परीक्षेत मात्र ‘होयितु’ लिहायचं.

फिरणारा तक्ता देवनागरीत आहे, आणि सगळ्यात मोठा घोळ तिथंच झाला आहे. ‘कोडु’ आणि ‘नोडु’ (बघ) आपल्या लिपीत एकाच साच्याचे दिसतात. मग एकाचं ‘नोडिदे’ आणि दुसऱ्याचं ‘कोट्टे’ का? कन्नडात ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ ही वेगळी अक्षरं आहेत. ‘नोडु’तला ओ दीर्घ आहे, ‘कोडु’तला ऱ्हस्व. दोन अक्षरी आणि ‘डु’नं संपणाऱ्या धातूचं पहिलं अक्षर ऱ्हस्व असलं की भूतकाळात ‘ट्ट’ येतो: कोडु-कोट्ट, बिडु-बिट्ट (सोड), इडु-इट्ट (ठेव), सुडु-सुट्ट (भाज), पडु-पट्ट. पहिलं अक्षर दीर्घ असलं की ‘इद’: माडु-माडिद, नोडु-नोडिद, ओडु-ओडिद (पळ), हाडु-हाडिद (गा), बेडु-बेडिद (माग). हा नियम खरोखर पाठ करण्यासारखा आहे. पण देवनागरीत ए आणि ओ यांचं ऱ्हस्वदीर्घ लिहिलंच जात नाही, म्हणून तो तिथं दिसत नाही. शब्द कन्नड अक्षरांत लिहा. निदान ऱ्हस्व ए-ओखाली रेघ तरी मारा.

इ किंवा ए नं संपणाऱ्या बहुतेक धातूंना नुसता ‘द’ लागतो: कुडि-कुडिद (पी), बरे-बरेद (लिही), करे-करेद (बोलाव). त्यापुढं मात्र पाठांतराला पर्याय नाही: तरु-तंद (आण), तिन्नु-तिंद (खा), बीळु-बिद्द (पड), निल्लु-निंत (उभा राहा), काणु-कंड (दिस). ‘हेळु’चं (सांग) सरळ ‘हेळिद’ होतं आणि ‘एळु’चं (ऊठ) ‘एद्द’. फरक एका ह चा आहे, आणि त्यावरून काहीच ओळखता येत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी किटेल यांचा १८९४चा कन्नड-इंग्रजी कोश उघडावा. क्रियापदाच्या नोंदीत धातूपाठोपाठ भूतकृदंत छापलेलं आहे. सगळीकडं ‘इद’च लागत असतं तर कोशात ते देण्याची गरजच नव्हती.

‘लिंग मराठीसारखंच’ हे तर उघड चुकीचं आहे. मराठीत बस येते, ट्रक येतो. कन्नडात दोन्हीला ‘बंतु’. पुल्लिंग-स्त्रीलिंग माणसांना आणि देवांना. वस्तू आणि जनावरं ‘अदु’त. आकळु (गाय) बंतु, नायि (कुत्रा) बंतु. लहान मूलसुद्धा: मगु बंतु. ‘बस् बंदळु’ म्हणणारा मराठी माणूस लगेच ओळखू येतो. शिवाय मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणताना क्रियापद भाकरीकडं बघतं. कन्नडात ते नेहमी कर्त्याकडंच बघतं: मी खाल्लं की ‘तिंदे’, तिनं खाल्लं की ‘तिंदळु’, मग रोट्टि असो नाहीतर लाडू. एवढ्यापुरतं कन्नड मराठीपेक्षा सोपं आहे, हे मान्य. आदरासाठी अनेकवचन वापरायचं हेही तक्त्यात बरोबर आहे: काका आले, काका बंदरु.

नकाराच्या बाबतीत तक्ता अर्धा खरा आहे. ‘इल्ल’ शेवटी येतं, आणि पुरुष-वचनाप्रमाणं काही बदलत नाही, ही मोठी सोय आहे: नानु होगलिल्ल, अवळु होगलिल्ल, बस् होगलिल्ल. पण ‘इल्ल’ तयार रूपाला चिकटत नाही. ‘होदे इल्ल’ चुकीचं. धातूला ‘-अलिल्ल’ लावायचं. ‘जात नाही’ म्हणायचं तर ‘होगुवुदिल्ल’, बोलण्यात ‘होगोदिल्ल’. आणि ‘बस अजून आली नाही’ असेल तर ‘बरलिल्ल’ नव्हे, ‘बस् इन्नू बंदिल्ल’. म्हणजे इथंही ‘बरु’चं ‘बंद’ पाठ असावंच लागतं.