तीनशे कुर्ते आणि दोन पाने
मराठवाड्यात स्वतःची माहिती एका कागदावर मांडण्याची वेळ माणसावर बहुधा लग्नाच्या निमित्ताने येते, त्यामुळे परभणीच्या आमच्या गल्लीतील झेरॉक्सवाल्याने माझ्या रेझ्युमेच्या माथ्यावर गणपती, चारही बाजूंना पैठणीचे मोर आणि ‘रंग : गव्हाळ’ ही ओळ स्वतःहून घातली, यात त्याचा दोष मानता येणार नाही. एका कपड्यांच्या ब्रँडच्या कार्यालयात इन-हाउस डिझायनरची जागा निघाली होती आणि मला तिथे अर्ज करायचा होता. गणपतीची क्षमा मागून मी तो काढला. मोर काढले ते वेगळ्या कारणाने : मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक वाचतो आणि चौकटी, दोन रकाने किंवा चित्रात बसवलेली अक्षरे त्याला पुष्कळदा वाचता येत नाहीत. ‘गव्हाळ’ मात्र आईच्या आग्रहाखातर आणखी एक दिवस राहिले.

नोकरीपूर्वीची खरी परीक्षा आतेबहिणीने घेतली. ताई तिरुप्पूरच्या एका कारखान्यात मर्चंडायझर आहे, म्हणजे डिझायनरने काढलेले चित्र वेळेत, ठरलेल्या दरात आणि मोजून तेवढ्याच नगांत उतरवण्याची जबाबदारी तिची. साहजिकच डिझायनर या जमातीविषयी तिचे मत फारसे मऊ नाही. मी लिहिलेले ‘परंपरा आणि आधुनिकतेचा संगम साधणारी कलेक्शन्स सादर केली’ हे वाक्य तिने फोनवर मोठ्याने वाचले आणि विचारले, “संगमाचे नग किती?”

नग तीनशे होते. मी ज्या बुटीकमध्ये काम करते, तिथे वर्षाचे आठ महिने लग्नाच्या बस्त्यातली कामे असतात. पण एकदा एका दुकानाने सुती कुर्त्यांच्या बारा स्टाइलचे उन्हाळी कलेक्शन मागवले होते आणि त्यातल्या एका स्टाइलचे तीनशे नग सोलापूरच्या एका युनिटमध्ये शिवून घेतले होते. ताईचा आदेश असा की, बाकी सगळे दोन ओळींत संपव आणि हा एक कुर्ता नीट सांग. इन-हाउस जागेसाठी माणूस निवडणाऱ्याला तुझी कल्पनाशक्ती पोर्टफोलिओत दिसेलच; रेझ्युमेत त्याला हे पाहायचे असते की, विकला जाईल असा कपडा तू किती किमतीत बसवलास आणि पुढे त्याचे काय झाले. तेव्हा कलेक्शनची ओळ झाली : ‘उन्हाळी कलेक्शन, 12 स्टाइल, विक्री किंमत 1,199 ते 1,799 रुपये, मुख्य कुर्त्याच्या 300 नगांपैकी 231 पूर्ण किमतीत विकले गेले.’ उरलेले 69 सवलतीत गेले, हे लिहावे की नाही यावर आमचा वाद झाला. ताई म्हणाली, वजाबाकी त्यांनाही येते.

टेक पॅक म्हणजे कपडा कसा शिवायचा याचा शिवणाऱ्यासाठीचा लेखी आराखडा; त्याच्या बाबतीत माझी अडचण निराळी होती. आमच्याकडचे मास्टर गेली तीस वर्षे कपडे शिवतात आणि त्यांचा टेक पॅक त्यांच्या खिशातल्या डायरीत, तोही अर्धा, असतो. उरलेला अर्धा “समजलं मला” या दोन शब्दांत असतो. सोलापूरच्या युनिटला मात्र मास्टरांचा खिसा उपलब्ध नव्हता. म्हणून मी पुढची-मागची सपाट रेखाचित्रे, कापड-बटण-धागा-लेबल यांची यादी, एस ते डबल एक्सएलपर्यंतचा मापांचा तक्ता आणि शिलाईचे तपशील असा टेक पॅक केला होता. त्यातली सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे मापाशेजारचा टॉलरन्सचा रकाना : लांबी 42 इंच, अधिक-उणे अर्धा इंच. हा रकाना कोरा असला की दोन इंच आखूड कुर्ताही ‘थोडासाच फरक’ ठरतो आणि भांडणात आपली बाजू लंगडी पडते. ताईने लगेच बजावले की, तो टेक पॅक जसाच्या तसा पोर्टफोलिओत जोडू नकोस. तो मालकाचा असतो आणि जी मुलगी जुन्या मालकाची कागदपत्रे वाटत फिरते, ती उद्या आपलीही वाटेल, हे नव्या मालकाला कळते. नमुना दाखवायचाच असेल तर स्वतःच्या एखाद्या कपड्याचा करावा.

मग आले कापड. मी लिहिले होते, ‘फॅब्रिक सोर्सिंग केले.’ ताई म्हणाली, “बाजारात जाऊन आलीस, एवढंच कळलं यातून.” यावर मी तिला त्या कापडाची गोष्ट सांगितली. नमुन्याच्या तुकड्याचे आकुंचन दोन टक्के होते आणि पॅटर्नही त्या हिशेबाने बेतला होता. बल्कचे तागे आले, तेव्हा एका तुकड्यावर 50 सेंटिमीटरचा चौकोन आखून तो धुतला, वाळवला आणि पुन्हा मोजला. लांबीकडून तो 47.5 भरला. म्हणजे आकुंचन पाच टक्के. तसेच कापले असते तर पहिल्या धुण्यातच कुर्ता टॉलरन्सच्या बाहेर, म्हणजे सव्वा इंचाने आखूड झाला असता आणि दुकानदाराने तीनशेही परत केले असते. सगळे तागे आधी धुऊन घ्यावेत, तर कटिंगची तारीख हातची जात होती. म्हणून पॅटर्नची लांबी 42 भागिले 0.95, म्हणजे सव्वाचव्वेचाळीस इंचांच्या आसपास नेली. नगामागे कापड आठ सेंटिमीटर जास्त लागले, तीनशे नगांना 24 मीटर. मीटरला 140 रुपये या दराने 3,360 रुपये, म्हणजे नगाला अकरा रुपये वीस पैसे. ताईने ओळ सांगितली : ‘बल्क कापडाचे 5 टक्के आकुंचन कटिंगपूर्वी ओळखून पॅटर्न सुधारला, वाढीव खर्च नगामागे 11.20 रुपये.’ मी म्हटले, खर्च वाढवला हे कशाला सांगायचे? ती म्हणाली, खर्च माहीत असलेला डिझायनर तिने आजवर क्वचितच पाहिला आहे.

शेवटचे कलम प्रॉडक्शन फॉलोअपचे. प्रत्यक्षात मी युनिटला रोज फोन करत होते आणि तिकडून रोज “उद्या” असे उत्तर येत होते. पण ‘उद्या’ रेझ्युमेत लिहिता येत नाही. तिथे टप्पे लिहावे लागतात : मंजूर झालेला पीपी, म्हणजे उत्पादन सुरू होण्याआधीचा, सॅम्पल, कटिंगची तारीख, शिलाई चालू असतानाची तपासणी आणि माल बांधल्यावरची अंतिम तपासणी. मालात किती दोष चालतील हे ठरवणाऱ्या एक्यूएल 2.5 च्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे तीनशे नगांतून पन्नास उचलून पाहायचे. मोठे दोष तीनपर्यंत असतील तर माल पास, चौथा सापडला की नापास. आमच्या मालात दोन सापडले : एकाची बटणपट्टी वाकडी होती आणि एकाच्या बाह्या वेगवेगळ्या मापाच्या.

“आणि माल वेळेत गेला?” ताईने विचारले.

“चार दिवस उशिरा. युनिटमधल्या अर्ध्या बायका लग्नाला गेल्या होत्या.”

“उशीर लिही. लग्न लिहू नकोस.”

मी तसे लिहिले, इलस्ट्रेटर आणि एक्सेल येतात हे एका साध्या ओळीत टाकले आणि मजकूर दोन पानांत बसला. झेरॉक्सवाल्याने प्रिंट काढताना तो शेवटपर्यंत वाचला आणि फोटोसाठी जागाच सोडली नाही, हे स्थळ जमणार कसे, असे काळजीने विचारले.