शुगर आटोक्यात, तरी ईसीजीत जुना अटॅक

"तीन महिन्यांची शुगर साडेसहाच्या आत आली की हार्टची काळजी मिटली. छातीत दुखलं तरच ईसीजी काढा."

नाही मिटत. सिडकोतल्या एका काकांची एचबीएवनसी, म्हणजे हीच तीन महिन्यांची शुगर, 6.4 होती. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना धाप लागायची, घाम फुटायचा. छातीत कळ मात्र कधीच नाही. "वय झालं," म्हणायचे. ईसीजीत जुन्या अटॅकची खूण निघाली. वीस वर्षांच्या मधुमेहात हृदयाची वेदना कळवणाऱ्या नसाच बधिर होऊ शकतात. शिवाय एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 148, बीपी 150/90 आणि तंबाखू चालूच. रक्तवाहिन्यांत थर यांनीही साचतो, त्यावर शुगरची गोळी पुरत नाही. मधुमेहींवर उपचार तपासणाऱ्या अ‍ॅकॉर्ड या मोठ्या अभ्यासात तर एचबीएवनसी 6च्या खाली रेटू पाहणाऱ्या गटात मृत्यू उलट वाढले. 2008 मध्ये ते उपचार थांबवावे लागले. आणि हो, बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल असला, तरी चढावर नव्याने लागणारी धाप डॉक्टरांना सांगाच.