परिपत्रकातलं इंग्रजी काढायचं तर क्रियापदापासून

कार्यालयीन परिपत्रकातलं हे नेहमीचं वाक्य बघा: ‘सर्व स्टाफने अटेंडन्स डेली बेसिसवर अपडेट करून मंथ एंडला रिपोर्ट अप्रूव्हलसाठी एचआरला सबमिट करावा. लेट सबमिशन झाल्यास सॅलरी प्रोसेस होण्यास डिले होईल.’

याचं मराठी करायला बसलं की बहुतेक जण कोश उघडून शब्दाला शब्द ठेवतात. मग हे तयार होतं: ‘समस्त कर्मचाऱ्यांनी उपस्थिती दैनंदिन तत्त्वावर अद्ययावत करून मासान्ती अहवाल अनुमोदनार्थ मनुष्यबळ विभागास सादर करण्यात यावा.’ वाचणारा म्हणतो, यापेक्षा इंग्रजी बरं! त्याचं चुकत नाही. शब्द मराठी झाले, पण सांगाडा इंग्रजीच राहिला. शिवाय ‘कर्मचाऱ्यांनी’ आणि ‘करण्यात यावा’ एका वाक्यात जुळत नाहीत. कर्ता सांगितलात, तर सरळ ‘करावा’ म्हणा.

माझ्या मते सुरुवात ‘करणे’ जोडलेल्या इंग्रजी शब्दांपासून करावी. अपडेट करणे, सबमिट करणे यांना नामं शोधत बसू नका. तिथे नेमकं काय घडतं ते विचारा. हजेरी नोंदवायची आहे, तक्ता द्यायचा आहे. ‘बेसिस’ आणि ‘प्रोसेस’ला तर प्रतिशब्दच नको, ते गळले तरी अर्थ पुरा राहतो:

‘सर्व कर्मचाऱ्यांनी आपली हजेरी रोज नोंदवावी आणि महिन्याचा तक्ता शेवटच्या कामाच्या दिवशी मंजुरीसाठी मनुष्यबळ विभागाकडे द्यावा. तक्ता उशिरा आल्यास पगारही उशिरा होईल.’

यात हजेरी आणि मंजुरी मुळात अरबी, पगार पोर्तुगीज. त्यांना हाकलून संस्कृत शब्द आणायची काही गरज नाही. ‘वेतनवाढ’, ‘वेतनश्रेणी’ रुळलेले आहेत, ते तसेच ठेवावेत.

‘अप्रूव्हल’पाशी मात्र जरा थांबायला हवं. रजेला किंवा खर्चाला मंजुरी मिळते, काही करण्याआधी घेतात ती परवानगी, प्रस्तावाला मिळते ती मान्यता आणि माणूस स्वतःहून देतो ती संमती. इंग्रजी शब्दाआड हा फरक झाकला जातो आणि नेमकं कोणाकडून काय आणायचं, हे कर्मचाऱ्याला पुन्हा विचारावं लागतं.

संगणकावर एकगठ्ठा शब्द बदलू नका. ‘अप्रूव्हल मिळाले’मधला फक्त शब्द बदलला की ‘मंजुरी मिळाले’ होतं. लिंग बदललं, म्हणून क्रियापदही बदलायला हवं. ‘त्याचे’, ‘असे’ यांसारखे आसपासचे शब्दही तपासा, चूक बहुधा तिथेच लपते.

पासवर्ड, ईमेल, प्रिंटर यांना हात लावू नये. पडद्यावर बटणाचं नाव Submit असेल तर परिपत्रकातही ‘Submit हे बटण दाबावे’ असंच लिहावं. तिथे ‘सादर करा’ लिहिलंत, तर माणूस ते बटण पडद्यावर शोधत बसेल.